घटक ५ : गिफेन वस्तू – भाव वाढला तरी मागणी का वाढते?

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस

• मागणीच्या नियमाचा गिफेन वस्तू हा अपवाद कसा निर्माण होतो, ते स्पष्ट करता येईल.
• किंमतबदलाचे पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम असे विभाजन एका कुटुंबाच्या खर्चावरून मांडता येईल.
• भाव आणि खरेदी एकाच वेळी वाढलेली दिसली, तरी ती गिफेन स्थिती आहे की नाही, हे पडताळून पाहता येईल.
• शिधावाटपाच्या धान्याचा गरीब कुटुंबाच्या आहारावर होणारा परिणाम सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण मागणीचा नियम अभ्यासला. इतर परिस्थिती कायम असताना वस्तूची किंमत वाढली की तिची मागणी घटते आणि किंमत कमी झाली की मागणी वाढते, असे हा नियम सांगतो. आपला रोजचा अनुभवही बहुधा असाच असतो. टोमॅटो महागले की आपण पाव किलोवर भागवतो. स्वस्त झाले की किलोभर घेतो.

प्रस्तुत घटकात आपण या नियमाचा एक दुर्मीळ, परंतु विचार करायला लावणारा अपवाद पाहणार आहोत. काही परिस्थितीत गरीब कुटुंबाचे मुख्य अन्न महाग झाले की ते कुटुंब त्याच अन्नाची अधिक खरेदी करते. या वस्तूला ‘गिफेन वस्तू’ म्हणतात. सर रॉबर्ट गिफेन (१८३७–१९१०) या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ‘अर्थशास्त्राची तत्त्वे’ या ग्रंथाच्या १८९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत या निरीक्षणाचे श्रेय गिफेन यांना दिले. पाव महागला की श्रमिक कुटुंबांच्या मिळकतीवर एवढा ताण पडतो, की त्यांना मांसासारखे महाग पदार्थ कमी करावे लागतात. आणि महागला तरी पाव हेच सर्वांत स्वस्त अन्न असल्यामुळे ती कुटुंबे पाव अधिक खातात, असा त्यांचा युक्तिवाद होता. विशेष म्हणजे, पुढील अभ्यासकांनी शोध घेऊनही गिफेन यांच्या स्वतःच्या लेखनात हे विधान आढळले नाही.

आपण हा विषय इंग्लंडच्या पावावरून न शिकता पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या भातावरून शिकू.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ पावसाळ्यातील एक कुटुंब

तलासरी आणि डहाणू हे पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वारली, कोकणा, दुबळा, काथोडी इत्यादी समाजांची येथे वस्ती आहे. खरिपातील भात हे येथील मुख्य पीक. डोंगरउतारावर नागली आणि वरई होते. अनेक कुटुंबांची शेती लहान असते. दिवाळीच्या सुमारास झोडलेले भात काही महिने पुरते. त्यानंतर वीटभट्टीवर, बागायतीत किंवा कारखान्यात मजुरी करून घर चालवावे लागते. आवणी संपली की नव्या पिकाची वाट पाहण्याचे दिवस येतात. कणगी रिकामी, हाताला काम कमी आणि दुकानातून धान्य आणणे भाग, अशी ही वेळ असते.

अशा एका पाच माणसांच्या कुटुंबाची आपण कल्पना करू. कुटुंब आणि त्याचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले असून, हिशेब सोपा व्हावा म्हणून ते पूर्णांकात ठेवले आहेत. या कुटुंबाजवळ प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार माणशी ५ किलो याप्रमाणे त्यांना महिन्याला २५ किलो धान्य मिळते. ते पुरत नाही. पोट भरण्यासाठी आणखी ३० किलो अन्न बाजारातून आणावे लागते आणि त्यासाठी महिन्याला १,४४० रुपये बाजूला काढता येतात.

हे ३० किलो म्हणजे जाडा तांदूळ आणि तूरडाळ यांची बेरीज होय. दोन्हींच्या एक किलोपासून जवळजवळ सारखीच ऊर्जा, म्हणजे सुमारे ३,४०० ते ३,५०० किलोकॅलरी मिळते. म्हणून पोट भरण्याच्या दृष्टीने एक किलो डाळ आणि एक किलो तांदूळ समान मानता येतात. मात्र डाळीने जेवणाला चव येते आणि प्रथिने मिळतात. डाळीत प्रथिनांचे प्रमाण सुमारे २२ टक्के, तर तांदळात ७ ते ८ टक्के असते. साहजिकच या कुटुंबाची इच्छा अशी : आधी सर्वांचे पोट भरावे आणि त्यानंतर जमेल तेवढी डाळ ताटात यावी.

तांदूळ ३० रुपये आणि डाळ १२० रुपये किलो आहे, असे समजू. तीसही किलो तांदूळच घेतला तर ९०० रुपये लागतील आणि ५४० रुपये उरतील. आता एक किलो तांदूळ बाजूला ठेवून त्याऐवजी एक किलो डाळ घ्यायची, तर ९० रुपये जास्त मोजावे लागतात. ५४० रुपयांत असा बदल सहा वेळा करता येईल. म्हणजे हे कुटुंब ६ किलो डाळ आणि २४ किलो तांदूळ घेईल. पडताळा पाहू : २४ किलो तांदळाचे ७२० रुपये, ६ किलो डाळीचे ७२० रुपये, एकूण १,४४० रुपये.

५.२.२ भाव वाढल्यावर काय घडते?

आता तांदळाचा भाव ३० वरून ४० रुपये झाला. डाळीचा भाव आणि खर्चाची रक्कम मात्र तीच राहिली. मागणीच्या नियमानुसार तांदळाची खरेदी घटली पाहिजे. प्रत्यक्षात काय होते, ते पाहा.

तीसही किलो तांदूळच घ्यायचा झाला तर आता १,२०० रुपये लागतात आणि हातात केवळ २४० रुपये उरतात. एक किलो तांदळाच्या जागी एक किलो डाळ घेण्यासाठी आता ८० रुपये जास्त द्यावे लागतात. २४० रुपयांत असा बदल तीनदाच शक्य आहे. म्हणून कुटुंब ३ किलो डाळ आणि २७ किलो तांदूळ आणते. तांदूळ महागला, आणि तांदळाची खरेदी २४ वरून २७ किलो झाली. हीच गिफेन स्थिती होय.

यातील एक बारकावा सहज निसटतो. भाववाढीनंतर तांदळाऐवजी डाळ घेणे पूर्वीपेक्षा स्वस्त पडू लागले आहे; अदलाबदलीचा जादा खर्च ९० वरून ८० रुपयांवर आला आहे. केवळ सापेक्ष किंमत पाहिली तर कुटुंबाने डाळीकडे वळायला हवे होते. ते उलट दिशेने गेले, कारण भाववाढीने त्याला गरीब केले. ज्या २४ किलो तांदळासाठी पूर्वी ७२० रुपये पुरत, त्यासाठीच आता ९६० रुपये लागतात. जणू कुणी खिशातून २४० रुपये काढून घेतले. गरिबी वाढली की ताटातील महाग पदार्थ आधी कमी होतो, आणि त्याने सोडलेली जागा स्वस्त पदार्थाला भरून काढावी लागते. येथे तो स्वस्त पदार्थ म्हणजे नेमका महागलेला तांदूळच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) तांदळाचा भाव किलोला ४५ रुपये झाल्यास हेच कुटुंब तांदूळ आणि डाळ किती किती घेईल?
ब) तांदूळ ४० रुपयांवर असताना डाळ १२० वरून १०० रुपयांवर आली, तर तांदळाच्या खरेदीत कोणता बदल होईल?

५.२.३ पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम

अर्थशास्त्रात किंमतबदलाच्या परिणामाचे दोन भाग पाडतात. सापेक्ष किंमत बदलल्यामुळे ग्राहक महागलेल्या वस्तूकडून इतर वस्तूकडे वळतो, हा ‘पर्यायता परिणाम’ होय. भाववाढीने त्याची क्रयशक्ती घटते आणि त्यामुळे खरेदी बदलते, हा ‘उत्पन्न परिणाम’ होय. पर्यायता परिणाम महागलेल्या वस्तूची मागणी कधीही वाढवत नाही. उत्पन्न परिणाम मात्र वस्तूच्या स्वरूपावर अवलंबून असतो. उत्पन्न घटल्यावर जिची मागणी घटते ती सामान्य वस्तू आणि उत्पन्न घटल्यावर जिची मागणी वाढते ती कनिष्ठ वस्तू. येथे ‘कनिष्ठ’ हा शब्द दर्जा सुचवत नाही. तो केवळ ग्राहकाच्या वागणुकीचे वर्णन करतो.

हे दोन परिणाम वेगळे करण्यासाठी एक युक्ती वापरतात. तांदूळ ४० रुपयांवर असतानाच कुटुंबाला नुकसानभरपाई म्हणून २४० रुपये दिले, अशी कल्पना करा. आता त्याच्याजवळ १,६८० रुपये आहेत. तीस किलो तांदळाचे १,२०० वजा केल्यावर ४८० उरतात. ८० रुपयांना एक याप्रमाणे सहा बदल होतात. म्हणजे पुन्हा ६ किलो डाळ आणि २४ किलो तांदूळ. भरपाई मिळताच कुटुंब पूर्वीच्या ताटावर परत आले. याचा अर्थ आपल्या उदाहरणात पर्यायता परिणाम शून्य असून ३ किलोंची सगळी वाढ उत्पन्न परिणामातून आली आहे.

वास्तवात पर्यायता परिणाम सहसा शून्य नसतो. तांदूळ महागला आणि घरात नागली असली, तर भाकरी नागलीची होते. रानातून करांदे आणले तर एक वेळचे भागते. असे स्वस्त पर्याय जवळ असतील तितका पर्यायता परिणाम बळकट होतो. तो उत्पन्न परिणामापेक्षा मोठा ठरला, की तांदळाची मागणी नियमाप्रमाणे घटते. म्हणून एक महत्त्वाचे सूत्र लक्षात ठेवा : प्रत्येक गिफेन वस्तू कनिष्ठ असते, परंतु प्रत्येक कनिष्ठ वस्तू गिफेन नसते.

यावरून गिफेन स्थितीसाठी लागणाऱ्या अटी निघतात. वस्तू कनिष्ठ असावी. तिच्यावर खर्चाचा मोठा हिस्सा जात असावा. कारण मीठ कितीही महागले तरी त्यामुळे कुटुंब जाणवण्याइतके गरीब होत नाही. तिच्याहून स्वस्त पोटभरीचा पर्याय हाताशी नसावा. चौथ्या अटीचा विचार पुढील उपघटकात करू.

५.२.४ गिफेन स्थितीची मर्यादा

आपल्या कुटुंबासाठी तांदळाचा भाव आणखी वाढवत नेला, तर पुढील चित्र मिळते.

| तांदळाचा भाव (रु. प्रति किलो) | तांदूळ (किलो) | डाळ (किलो) | एकूण (किलो) |
|---|---|---|---|
| ३० | २४ | ६ | ३० |
| ४० | २७ | ३ | ३० |
| ४८ | ३० | ० | ३० |
| ६० | २४ | ० | २४ |

४८ रुपयांना सगळी रक्कम तांदळातच संपते आणि डाळ ताटातून नाहीशी होते. यानंतर कमी करण्याजोगे काहीच उरत नाही. भाव ६० रुपये झाला की १,४४० रुपयांत २४ किलोच तांदूळ येतो. येथे मागणीचा नियम पुन्हा लागू होतो. पण तो उपासमारीच्या रूपाने.

कोष्टकातील पहिली आणि शेवटची ओळ एकमेकींशेजारी ठेवून पाहा. दोन्हींत तांदूळ २४ किलोच आहे. एकीत सहा किलो डाळीसह सर्वांचे पोट भरते. दुसरीत डाळ नाही आणि सहा किलो अन्न कमी पडते. केवळ तांदळाच्या विक्रीची नोंद पाहणाऱ्याला ही दोन घरे सारखीच दिसतील. ३० ते ४८ रुपयांच्या दरम्यान तर वाढती विक्री पाहून त्याला लोकांची स्थिती सुधारत असल्याचाही भास होईल. धान्याचा खप हे गरिबांच्या सुस्थितीचे माप का ठरू शकत नाही, हे यावरून समजते.

म्हणून चौथी अट अशी : कुटुंब गरीब असावे, पण इतके दरिद्री नसावे, की त्याच्या ताटात मुख्य अन्नाखेरीज काहीच उरलेले नाही. सुस्थितीतील कुटुंब गिफेन वर्तन दाखवत नाही, कारण तांदळाच्या भावाने त्याचे बजेट हलत नाही. अतिदरिद्री कुटुंबही ते दाखवत नाही, कारण त्याच्यापाशी सोडून देण्यासारखे काही नसते. गिफेन वर्तन या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात आढळते.

५.२.५ प्रत्यक्ष पुरावा : आयर्लंड, हुनान आणि महाराष्ट्र

अनेक जुन्या पाठ्यपुस्तकांत १८४५ नंतरच्या आयर्लंडमधील दुष्काळातला बटाटा हे गिफेन वस्तूचे उदाहरण म्हणून दिलेले आढळते. ते टिकत नाही. त्या वर्षांत करपा रोगाने बटाट्याचे पीकच नष्ट झाले होते. देशात बटाटा उपलब्धच कमी असताना सर्व लोक मिळून पूर्वीपेक्षा जास्त बटाटा खाणे अशक्य होते. परीक्षेत हे उदाहरण लिहिताना त्यावरील हा आक्षेपही अवश्य नोंदवावा.

भरवशाचा पुरावा २००८ साली पुढे आला. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी चीनमधील हुनान आणि गान्सू या प्रांतांतील शहरी गरीब कुटुंबांवर एक क्षेत्रीय प्रयोग केला. हुनानमध्ये तांदूळ, तर गान्सूत गव्हाचे पीठ हे मुख्य अन्न. कुटुंबांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, गटांत विभागणी करण्यात आली. काही कुटुंबांना पाच महिने मुख्य अन्नाच्या दर अर्ध्या किलोमागे ०.१०, ०.२० किंवा ०.३० युआन सवलतीची कुपने मिळाली. काहींना मिळाली नाहीत. सवलतीपूर्वी, सवलत चालू असताना आणि ती संपल्यावर घरातील प्रत्येक व्यक्तीच्या आहाराची नोंद घेण्यात आली.

हुनानमध्ये सवलत मिळालेल्या कुटुंबांनी तांदूळ कमी खाल्ला आणि सवलत बंद झाल्यावर तो पुन्हा वाढवला. गान्सूतील पुरावा मात्र क्षीण होता. ज्या कुटुंबांना जवळजवळ सर्व ऊर्जा मुख्य अन्नातूनच मिळत होती, त्यांच्यात हे वर्तन आढळले नाही. आपल्या कोष्टकातील शेवटच्या ओळीचा अर्थ येथे प्रत्यक्षात दिसतो. याच संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले, की या सवलतीमुळे एकंदर पोषण सुधारल्याचा पुरावा मिळत नाही. वाचलेले पैसे लोकांनी अधिक चवीच्या पदार्थांवर खर्च केले.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर एस. सुब्रमणियन आणि अँगस डीटन यांनी १९८३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतील ग्रामीण महाराष्ट्राच्या आकडेवारीवरून केलेला आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयुक्त आहे. ग्रामीण कुटुंबाचा अन्नखर्च वाढतो, तेव्हा त्यातील सुमारे निम्मी वाढच जास्त ऊर्जा मिळवण्यासाठी होते आणि उरलेली निम्मी वाढ महाग, आवडीची ऊर्जा घेण्यात जाते, असे त्यांना आढळले. हा अभ्यास गिफेन वस्तू सिद्ध करत नाही. परंतु पैसे आले की आपला ग्रामीण ग्राहक भरड धान्याकडून अधिक पसंतीच्या अन्नाकडे सरकतो, हे तो दाखवतो. आणि आपल्या युक्तिवादाची पहिली पायरी तीच आहे.

५.२.६ गिफेन स्थिती ओळखताना होणाऱ्या चुका

भाव वाढला आणि खरेदीही वाढली, एवढ्यावरून वस्तू गिफेन ठरत नाही. तलासरीच्या आठवडे बाजारात अशी स्थिती दिसली, तर आधी तीन शक्यता तपासाव्यात.

पहिली शक्यता हंगामाची. पावसाळ्यात घरचे भात संपलेले असते, म्हणून दुकानातील तांदळाची मागणी वाढते आणि त्यामुळेच भावही चढतो. येथे मागणी हे कारण असून भाववाढ हा परिणाम आहे. ‘इतर परिस्थिती कायम’ ही अटच येथे पाळली गेलेली नाही. जेन्सन आणि मिलर यांनी यादृच्छिक कुपने का वापरली, याचे उत्तर येथे मिळते. कुणाला सवलत मिळणार हे चिठ्ठीने ठरल्यामुळे हंगाम, सण आणि मजुरी यांचा प्रभाव सर्व गटांवर सारखाच पडतो. मग गटांत जो फरक उरतो, तो भावाचाच असतो.

दुसरी शक्यता साठवणुकीची. भाव आणखी चढतील या भीतीने लोक पुढील महिन्याचा तांदूळ आजच घेतात. खरेदी वाढली, तरी खाणे वाढलेले नसते. म्हणून दुकानातील विक्रीपेक्षा चुलीवर काय शिजले, याची नोंद महत्त्वाची ठरते.

तिसरी शक्यता उत्पादक कुटुंबाची. ज्याच्या शेतात गरजेपेक्षा जास्त भात होते, त्याला भाववाढ गरीब करत नाही. तिच्यामुळे त्याचे उत्पन्न वाढते. अशा घरी भाव चढल्यावर भात जास्त शिजला, तर ती वाढलेल्या उत्पन्नाची खूण असते. तलासरीत एकच कुटुंब कार्तिकात थोडे भात विकणारे आणि आषाढ-श्रावणात तांदूळ विकत घेणारे असू शकते. गिफेन वर्तनाचा शोध त्याच्या दुसऱ्या भूमिकेतच घ्यावा लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

योग्य की अयोग्य ते कारणासह लिहा.
अ) प्रत्येक कनिष्ठ वस्तू ही गिफेन वस्तू असते.
ब) भात विकणाऱ्या शेतकऱ्याने भाववाढीनंतर अधिक भात खाल्ला, म्हणून भात त्याच्यासाठी गिफेन वस्तू ठरतो.

५.२.७ शिधावाटपाचे धान्य आणि ताटातील डाळ

महाराष्ट्रात अन्नसुरक्षा अधिनियमाची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. त्यानुसार रास्त भाव दुकानात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो दराने मिळे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. हुनानमधील कुपने आणि आपले रेशन यांत एक मूलभूत फरक आहे. रेशनचे प्रमाण ठरलेले असते. ज्या कुटुंबाला त्यावर आणखी धान्य विकत आणावे लागते, त्याच्या दृष्टीने शेवटच्या किलोचा भाव हा बाजाराचाच असतो. त्यामुळे रेशनचा दर ३ रुपयांवरून शून्यावर आला, तरी बाजारातील तांदूळ आणि डाळ यांची सापेक्ष किंमत बदलत नाही. बदलते ते केवळ हातात उरणारे पैसे. म्हणजे येथे पर्यायता परिणाम नसून फक्त उत्पन्न परिणाम असतो.

समजा, तांदूळ बाजारात ४० रुपयांवर असताना आपल्या कुटुंबाचे मोफत धान्य २५ वरून ३० किलो झाले आणि वाढीव धान्य तांदूळच आहे. आता बाजारातून ३० ऐवजी २५ किलोच अन्न आणायचे आहे. तेवढ्या तांदळाचे १,००० रुपये, उरतात ४४०. किलोमागे ८० रुपये जादा देऊन साडेपाच किलो डाळ येते आणि बाजारातील तांदूळ २७ वरून साडेएकोणीस किलोवर येतो. रेशनमध्ये ५ किलो वाढले, पण बाजारातील खरेदी साडेसात किलोंनी घटली. एकूण धान्य ५२ वरून साडेएकोणपन्नास किलो झाले आणि डाळ ३ वरून साडेपाच किलोवर गेली.

धान्याचे जादा वाटप होऊनही धान्याचा एकूण वापर घटला, म्हणून योजना फसली, असा निष्कर्ष काढणारा निरीक्षक येथे चुकेल. ५ किलो तांदळाचे २०० रुपये वाचले आणि ते डाळीच्या रूपाने मुलांच्या ताटात आले. याउलट धान्य वेळेवर पोहोचले नाही, तर त्याची किंमत कुटुंब बहुधा डाळीतून चुकवते. पोट भरलेले दिसते. पण प्रथिने घटलेली असतात, आणि ही तूट दुकानदाराच्या वहीत कुठेच उमटत नाही.

५.३ सारांश

मुख्य अन्नाचा भाव वाढल्यावर गरीब कुटुंबाची क्रयशक्ती घटते. ते महाग पूरक अन्न कमी करते आणि पोट भरण्यासाठी त्याच मुख्य अन्नाची खरेदी वाढवते. ऋणात्मक पर्यायता परिणामापेक्षा कनिष्ठ वस्तूचा उत्पन्न परिणाम मोठा असेल, तरच हे घडते. वस्तूचा खर्चातील मोठा वाटा, स्वस्त पर्यायाचा अभाव आणि ताटात सोडून देण्याजोगे काहीतरी शिल्लक असणे, या त्याच्या अटी आहेत. आयर्लंडमधील बटाट्याचे उदाहरण टिकत नाही; हुनानमधील प्रयोग मात्र ही स्थिती प्रत्यक्षात आढळते, हे दाखवतो. ठरावीक प्रमाणात मिळणारे शिधाधान्य केवळ उत्पन्न परिणाम घडवते.

५.४ पारिभाषिक शब्द

कनिष्ठ वस्तू : उत्पन्न वाढल्यावर जिची मागणी घटते अशी वस्तू.
गिफेन वस्तू : किंमत वाढल्यावर जिची मागणी वाढते अशी कनिष्ठ वस्तू.
क्रयशक्ती : हातातील पैशांतून वस्तू विकत घेण्याची क्षमता.
यादृच्छिक विभागणी : कोण कोणत्या गटात जाईल हे केवळ योगायोगाने ठरवणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) तीस किलो तांदळाचे १,३५० रुपये होतात; उरतात ९०. अदलाबदलीचा जादा खर्च ७५ रुपये. म्हणून डाळ १.२ किलो आणि तांदूळ २८.८ किलो. ब) जादा खर्च ६० रुपयांवर येतो, २४० रुपयांत ४ किलो डाळ येते. तांदूळ २७ वरून २६ किलोंवर येतो.

प्रश्न २ : अ) अयोग्य. पर्यायता परिणाम अधिक बळकट असेल, तर कनिष्ठ वस्तूची मागणीही किंमत वाढल्यावर घटते. ब) अयोग्य. भाववाढीने त्याचे उत्पन्न वाढले आहे; गिफेन स्थितीत क्रयशक्ती घटलेली असावी लागते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) गिफेन स्थितीसाठी आवश्यक अटी उदाहरणासह स्पष्ट करा.
२) ‘अतिदरिद्री कुटुंबात गिफेन वर्तन आढळत नाही.’ या विधानाची कोष्टकाच्या साहाय्याने चर्चा करा.
३) आपल्या कुटुंबाजवळ घरची नागली असती, तर ५.२.२ मधील निष्कर्ष कसा बदलला असता?

५.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील धान्य विकत घेणाऱ्या एका कुटुंबाशी त्यांच्या संमतीने बोला. मागील वर्षी तांदूळ किंवा ज्वारी महागली, तेव्हा त्यांच्या ताटातून सर्वांत आधी कोणता पदार्थ कमी झाला आणि त्याची जागा कशाने घेतली, हे विचारा. मिळालेल्या उत्तरावरून त्या घरातील पर्यायता परिणाम आणि उत्पन्न परिणाम ओळखण्याचा प्रयत्न करा.